बाबांच्या स्मृतिदिनाची पोस्ट: पब्लिक अकाउंटवर काय लिहायचं, किती लिहायचं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं अशा लोकांसाठी आहे ज्यांना फॉलो करणारी बरीचशी माणसं अनोळखी आहेत. म्हणजे तुम्ही शिवणकाम शिकवता, गणित शिकवता, ट्रेकचे फोटो टाकता, लोक त्यासाठी आलेत, आणि वर्षातून एक दिवस तुम्हाला तिथे वडिलांबद्दल लिहायचंय. फक्त नातेवाईक आणि मित्र असलेल्या अकाउंटवर काहीही आणि कितीही लिहा, तिथे हे प्रश्न येतच नाहीत.

अशी पोस्ट फॉलोअर्सना कधी कधी जड जाते, म्हणजे नेमकं काय होतं? पोस्ट मोठी असल्यामुळे होतं का?

लांबीचा भाग आहे, पण तो छोटा. जड जातं ते मुख्यतः तेव्हा, जेव्हा वाचणाऱ्याला कळत नाही की आता मी काय करायचं. सकाळी कुणीतरी चहा घेता घेता फोन उघडतं आणि समोर एकदम हॉस्पिटलमधला फोटो, शेवटच्या दिवसांचं सविस्तर वर्णन, आणि खाली 'मी आजही सावरले नाहीये'. तो माणूस तुम्हाला प्रत्यक्ष ओळखत नाही, त्याला वाईट तर खूप वाटतं, पण तो ना फोन करू शकत ना घरी येऊ शकत, मग हात जोडलेली इमोजी टाकतो आणि पुढे जातो आणि त्याला स्वतःलाच ते कसंतरी वाटतं. दुसरं म्हणजे एकाच दिवशी पोस्ट, सात स्टोऱ्या, एक रील, रात्री लाइव्ह. प्रत्येक गोष्ट मनापासून असते पण समोरच्याला दिवसभर तेच दिसत राहतं.

आणि माझ्या मते खरं नुकसान वेगळंच आहे. इतकं सगळं टाकल्यावर लोकांना तुमचं दुःख लक्षात राहतं, बाबा राहत नाहीत. पोस्ट त्यांच्यासाठी होती ना? मग वाचून झाल्यावर अनोळखी माणसाला त्यांच्याबद्दल एक तरी गोष्ट सांगता आली पाहिजे, हा एकच निकष मी लावते.

मग किती लिहायचं?

पन्नास ते ऐंशी शब्द. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मुभा आहे हे खरंय, पण फीडमध्ये साधारण पहिली सव्वाशे अक्षरंच दिसतात, बाकी 'आणखी' वर टॅप केल्यावर. देवनागरीत काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते त्यामुळे सव्वाशे म्हणजे प्रत्यक्षात एक मोठं वाक्य किंवा दोन छोटी, बस. आपण ते पहिलं वाक्य बहुतेक वेळा 'आज तुम्हाला जाऊन अमुक वर्षं झाली, विश्वासच बसत नाही' यातच घालवतो. म्हणजे ज्यांनी पुढे टॅप केलं नाही त्यांना फक्त कुणीतरी गेलंय एवढंच कळलं. पहिल्या ओळीत बाबा काहीतरी करताना दिसू देत, वर्षं किती झाली ते खाली सांगता येतं.

सुचतच नाही. डोळ्यासमोर सगळं येतं पण लिहायला बसलं की 'प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय' एवढंच निघतं.

सगळ्यांचं असंच होतं, कारण आपण वडिलांचा स्वभाव लिहायला जातो. स्वभाव लिहू नका, सवय लिहा. 'करायचे' ने संपणारी पाच-सहा वाक्यं कागदावर काढा, पोस्टचा विचारही न करता. घरातून निघताना काय करायचे, फोनवर पहिलं वाक्य काय असायचं, खिशात काय ठेवायचे, काय टाकून द्यायचे नाहीत, कुणी रागावलं की काय करायचे, टीव्हीपुढे झोप लागल्यावर रिमोट काढून घेतला तर काय म्हणायचे. यातली तीन-चार वाक्यं कुणाच्याही वडिलांना लागू पडतील, ती खोडा. एखादं असं उरतं की ते वाचून तुमची बहीण म्हणेल 'हो हो, हे तर बाबाच!' ते घ्यायचं.

ती सवय मोठी किंवा थोर असायची अजिबात गरज नाही. उलट छोटी असेल तर बरं, कारण त्याग-संघर्ष-यश अशी गोष्ट लिहायला लागलं की साठ शब्दांत बसत नाही, आणि बसवायला गेलं की भाषणासारखी होते.

एखादं उदाहरण पूर्ण दाखवाल का, आधी काय होतं आणि नंतर काय झालं?

दाखवते, कारण नुसतं 'थोडक्यात लिहा' म्हणून काही हाती लागत नाही. एक ताई आहे, शिवणकामाचे व्हिडिओ टाकते, फॉलो करणारे बरेच, त्यातले जवळपास सगळे अनोळखी. तिने बाबांसाठी लिहिलेला मसुदा मला पाठवला होता, तिच्या परवानगीने सांगतेय. तो साधारण असा होता:

> 'बाबा, आज तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. एकही दिवस असा गेला नाही की तुमची आठवण आली नाही. तुम्ही माझे हिरो होतात, माझे गुरू होतात, माझा आधार होतात...'

मग दोन मोठे परिच्छेद शेवटच्या आजारपणाचे, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं, कुठला निर्णय चुकला असं तिला वाटतं. मग एक ओळ: 'रात्री मला उशीर झाला की किती काळजी करायचात, गाडीचा नंबरसुद्धा लिहून ठेवायचात.' मग परत हिरो, गुरू, आधार, आणि शेवटी 'तुमच्याही बाबांना आज मिठी मारा'. सोबत दहा फोटो.

मी तिला फक्त त्या गाडीच्या नंबरबद्दल विचारलं. कुठे लिहायचे? म्हणाली, पेपरच्या कोपऱ्यावर, जो हाताशी असेल तो पेपर, आणि पोचल्याचा फोन आला की खोडायचे. तुला कसं कळलं? ते गेल्यावर जुने पेपर आवरताना दिसलं, आईने सांगितलं ते काय आहे. आता ही गोष्ट तिच्या चारशे शब्दांच्या मसुद्यात एका ओळीत दबून गेली होती! शेवटी पोस्ट अशी गेली:

> 'रात्री मी घरातून निघाले की बाबा गाडीचा नंबर पेपरच्या कोपऱ्यावर लिहून ठेवायचे. मी पोचल्याचा फोन केला की तो नंबर खोडायचे आणि मगच दिवा बंद करायचे. हे मला ते गेल्यावर कळलं, जुने पेपर आवरताना. पानापानावर नंबर, आणि प्रत्येकावर एक सरळ रेघ. आज बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. कुठेही पोचले की हात अजून फोनकडे जातो.
> आज व्हिडिओ नाही. परवा नेहमीसारखा येईल.'

साठच्या आसपास शब्द आहेत. काय काय गेलं ते बघा. हिरो-गुरू-आधार गेले, कारण ते आता न सांगता कळतं. आजारपण पूर्ण गेलं, ते तिने वेगळं लिहून ठेवलं, स्वतःसाठी, आणि ते लिहिणंही गरजेचं होतं असं मला वाटतं, फक्त ते अनोळखी लोकांसमोर मांडायचं नव्हतं. 'तुमच्याही बाबांना मिठी मारा' हे मी आग्रहाने काढायला लावलं. वाचणाऱ्यांत कितीतरी जणांचे वडील गेलेले असतात, कुणाचे असून नसल्यासारखे असतात, त्या दिवशी त्यांना आपण कामाला लावू नये. स्वतःच्या दुःखाचं एकच वाक्य राहिलं, हात फोनकडे जातो ते, आणि एकच असल्यामुळे ते लागतं.

शेवटच्या दोन छोट्या वाक्यांचं काम वेगळं आहे. लोकांना कळतं की आज ही शांत आहे, ठीक आहे, आणि परवा भेटेल. काळजी करत बसायला नको, 'ताई सगळं बरं आहे ना' असे मेसेज करायला नकोत.

फोटो एकच ठेवला, पेपरच्या कोपऱ्याचा क्लोजअप, त्यांच्या अक्षरात. पण तो नंबर कुणाच्या तरी गाडीचा आहे, म्हणून शेवटचे आकडे फ्रेमच्या बाहेर राहतील असा काढला.

फोटो कोणता टाकायचा? एकापेक्षा जास्त चालतील का?

एक पुरतो, अगदी राहवत नसेल तर दोन. ते काहीतरी करत असतानाचा असेल तर फार छान, स्क्रू पिळताना, चष्मा कपाळावर सरकवून काहीतरी वाचताना, कॅमेऱ्याकडे न बघता. हॉस्पिटलमधला, अगदी हसत असले तरी, नको. अंत्यदर्शनाचा तर नकोच, फीडमध्ये लोकांना आधी विचारून फोटो दिसत नाही, तो एकदम समोर येतो.

चेहरा दाखवायचाच नसेल तर नका दाखवू. त्यांचं अक्षर, घड्याळ, त्यांनी दुरुस्त केलेली एखादी वस्तू, यानेही माणूस उभा राहतो. जुन्या प्रिंटचा फोटो फोनने काढत असाल तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, ट्यूबलाइट बंद, प्रिंट सपाट टेबलावर आणि फोन बरोबर वरून. चकाकी आलीच तर प्रिंट थोडी फिरवा. फोटोत दुसरं कुणी असेल, काका, शेजारी, लहान मुलं, तर त्यांना विचारा नाहीतर कापा. आणि त्यावर रडकं गाणं लावू नका प्लीज, गाण्याने वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकल्यासारखं होतं की इथे रडायचंय.

कोणती माहिती टाकू नये?

पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता, कुठे नोकरीला होते ते ठिकाण, फोटोमध्ये दिसणारी कागदपत्रं. भावनेच्या भरात आपण जन्म आणि मृत्यू दोन्ही तारखा पूर्ण नावासकट टाकतो, आणि वडिलांचं पूर्ण नाव, आईचं माहेरचं आडनाव ही तर ओळख पटवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी विचारली जाणारी माहिती आहे, फसवणूक करणाऱ्याला ती एका जागी मिळते. 'आई आता घरी एकटीच असते' हेही पब्लिक पोस्टमध्ये नको, कितीही खरं आणि कितीही लागणारं असलं तरी. 'बाबा' एवढं नाव पुरतं, ओळखणाऱ्यांना कळतं.

आईला, भावाला आधी दाखवायचं का?

हो. पाठवून ठेवू नका, शक्य असेल तर वाचून दाखवा, फोनवर का होईना. ते तुमचे एकट्याचे वडील नव्हते, आणि तुम्हाला जी गोड आठवण वाटते ती दुसऱ्या कुणाला टोचणारी असू शकते. वर सांगितलेल्या ताईच्या आईचं असंच झालं, तिला आजारपणातलं एक वाक्यही बाहेर नको होतं, आणि मुलीला ते तोपर्यंत माहीतच नव्हतं. भाऊ-बहिणीला गोष्ट वेगळी आठवत असेल तर भांडू नका, ज्यावर दोघांचं एकमत आहे तेवढंच ठेवा. आणि घरच्यांपैकी कुणी म्हणालं की नकोच टाकूस, तर? माझं मत विचाराल तर आईच्या 'नको'ला मान द्या, भावाच्या 'नको'वर एकदा बोलून बघा.

पोस्ट बरी की स्टोरी की व्हॉट्सअॅप स्टेटस?

पब्लिकसाठी एक पोस्ट, बाकी सगळं आतल्या माणसांसाठी. इन्स्टाग्रामची स्टोरी आणि व्हॉट्सअॅपचं स्टेटस दोन्ही २४ तासांत जातात, म्हणून जे मनात साठलंय, जास्तीचे फोटो, जुना व्हिडिओ, त्यांचा आवाज, ते क्लोज फ्रेंड्सच्या यादीला किंवा स्टेटसला टाका. स्टेटस टाकायच्या आधी ते कोणाला दिसतंय ती सेटिंग एकदा बघून घ्या, ऑफिसमधले आणि ग्राहक त्यात असतात हे आपल्या लक्षात राहत नाही. असं केलं की जी मावशी ते बघून खरंच फोन करेल तिला ते मिळतं आणि अनोळखी लोकांवर भार पडत नाही.

काहींना पब्लिक पोस्ट नकोच असते, फक्त स्टोरी पुरते. तेही उत्तमच. पण मग स्टोरी एकच, आणि त्यात मजकूर तीन ओळींपेक्षा जास्त नको, वाचून होईपर्यंत ती पुढे सरकते.

कमेंट्स बंद ठेवू का?

त्या दिवशी उत्तरं द्यायची ताकद नसेल तर खुशाल बंद ठेवा, पोस्ट करतानाच अॅडव्हान्स सेटिंगमध्ये पर्याय असतो, नंतरही बंद करता येतात. लोकांना वाईट वाटत नाही, उलट अनेकांना सुटल्यासारखं वाटतं कारण काय लिहावं कळत नसतं. चालू ठेवल्यात तर प्रत्येकाला 'थँक्यू' लिहायची गरज नाही. संध्याकाळी स्वतःची एक कमेंट टाका, 'सगळं वाचलं, मनापासून आभार', आणि ती पिन करा.

एक गोष्ट मात्र होते, त्याची तयारी ठेवा. अनोळखी लोक स्वतःच्या वडिलांबद्दल लिहायला लागतात, कधी कमेंटमध्ये, कधी मेसेजमध्ये खूप मोठं. कुणाचे तर नुकतेच गेलेले असतात. त्या दिवशी ते वाचायलाच पाहिजे असं नाही, दोन दिवसांनी शांतपणे एक ओळ लिहिलीत तरी त्यांना पुरतं. पण कुणी जगावंसं वाटत नाही अशा अर्थाचं लिहिलं असेल तर ते तसंच ठेवू नका, लगेच उत्तर द्या, जवळच्या कुणाला तरी आत्ता फोन करायला सांगा आणि त्यांच्याकडची हेल्पलाइन कळवा.

माझं अकाउंट धंद्याचं आहे. त्याच दिवशी ऑफरची पोस्ट शेड्यूल केलेली आहे.

ती आधी काढा, हे काम आदल्या दिवशीच करून ठेवा. स्मृतिदिनाच्या पोस्टखाली दोन तासांनी 'फक्त आजच सूट' आलं की दोन्ही पोस्ट खोट्या वाटतात. चालू जाहिराती त्या दिवसापुरत्या थांबवता आल्या तर थांबवा. ब्रँडला टॅग नको, हॅशटॅग नकोत, तुमच्या कोर्सची लिंक तर नकोच. बाबांमुळे हा धंदा सुरू झाला असं असेल तर ते सांगायला काहीच हरकत नाही, खरं आहे ते, फक्त त्या वाक्यानंतर काही विकू नका. पुढची कामाची पोस्ट एक दिवस सोडून.

दरवर्षी टाकायलाच हवी का? एखाद्या वर्षी नाही टाकली तर लोक काय म्हणतील?

लोकांच्या लक्षातही येत नाही. पहिल्या वर्षी टाकाविशी वाटते, पुढे कमी वाटतं, आणि कमी वाटणं म्हणजे विसरणं नाही. टाकणार असाल तर दरवर्षी वेगळी सवय, वेगळी छोटी गोष्ट, तोच फोटो आणि तोच मजकूर परत परत नको. वर काढलेली जी 'करायचे' वाली वाक्यं आहेत ना, ती जपून ठेवा, तिथूनच पुढच्या वर्षीचं निघेल. आणि तारीख हुकली, चार दिवसांनी लिहावंसं वाटलं, तर तेव्हा लिहा, माफी मागत बसू नका.

जुन्या पोस्ट फेसबुक मेमरीजमध्ये अचानक समोर येतात त्याचा त्रास होत असेल, तर तिथे सेटिंगमध्ये ठराविक तारखा आणि ठराविक माणसं लपवता येतात.

आमचं फारसं पटत नव्हतं. सगळे छान छान लिहितात, मी काय लिहू?

खोटं लिहू नका आणि हिशोबही मांडू नका. न पटण्याचं सगळं पब्लिकमध्ये काढलंत तर त्यांना उत्तर देता येणार नाही आणि तुम्हाला पुढचे आठ दिवस अनोळखी लोकांच्या सल्ल्यांना उत्तरं द्यावी लागतील. पण एखादी खरी गोष्ट असते, अगदी कोरडी का असेना. 'बाबा आणि मी कमी बोलायचो. माझ्या सायकलची हवा मात्र ते रोज बघायचे.' एवढंच. यात कौतुकही नाही तक्रारही नाही, आणि वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं. असं एकही वाक्य मनाला पटत नसेल तर काहीच न टाकणं हा पूर्णपणे योग्य निर्णय आहे, त्याचं स्पष्टीकरण कुणाला देणं लागत नाही.

बाबांचं फेसबुक अकाउंट अजून आहे. त्यांना टॅग करू का?

तुमचे फॉलोअर्स अनोळखी असतील तर नको, कारण टॅगवरून लोक थेट त्यांच्या प्रोफाइलवर जातात, तिथले जुने फोटो, नातेवाइकांची नावं, सगळं बघतात. आधी ते अकाउंट स्मृती स्वरूपात बदलून घ्यायचा विचार करा. फेसबुकला मृत्यूचा पुरावा देऊन विनंती करता येते, मग नावाशेजारी 'स्मरणार्थ' अशा अर्थाचा शब्द दिसतो, कुणालाही त्यात लॉगिन करता येत नाही आणि त्यांच्या वाढदिवसाची आठवण लोकांना जात राहत नाही. त्यांनी हयात असताना आपल्यामागे अकाउंट बघायला कुणी, म्हणजे लेगसी कॉन्टॅक्ट, नेमला असेल तर ती व्यक्ती प्रोफाइल फोटो बदलणं, वर एक पोस्ट पिन करणं अशा थोड्या गोष्टी करू शकते. घरात कुणी त्यांच्या पासवर्डने अजून लॉगिन करून जुने मेसेज वाचत असेल, बऱ्याचदा आई असते, तर मात्र ही विनंती करायच्या आधी तिच्याशी बोला, एकदा बदललं की ते दार तिच्यासाठी बंद होतं.

पोस्ट टाकली आणि तासाभरात काढून टाकावीशी वाटली तर?

डिलीट करू नका, आर्काइव्ह करा. इन्स्टाग्रामवर आर्काइव्ह केलेली पोस्ट बाकी कुणाला दिसत नाही, पण लाइक आणि कमेंटसकट तुमच्याकडे राहते आणि वाटेल तेव्हा परत आणता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, ठेवायचीय का ते तेव्हा ठरवा.